सावया तो सावयाच राहू द्या : ओवीसंग्रहाच्या संपादक मंडळास खुले पत्र

माननीय संपादक मंडळास,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात ओवीसंग्रहाची दुसरी मुद्रितं माझ्याकडे आली. आमच्या आजीच्या वहीतल्या ओव्या आहेत त्या, एकशे अठ्ठेचाळीस. सोबत चिठ्ठी होती : ‘वाचकांच्या सोयीसाठी भाषा प्रमाण करून घेतली आहे, तपासून सही करून पाठवावे.’ मी सही केलेली नाही. का केली नाही ते अध्यक्षांना फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्याकडे इंदूरमधल्या आणखीही घरांच्या वह्या आल्या आहेत आणि त्या घरांनाही अशाच चिठ्ठ्या गेल्या असणार. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आधीच सांगते, मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेली बाई आहे. सव्वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, सकाळी हिंदी आणि दुपारनंतर मराठी. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं की मला अजूनही भातात खडा लागल्यासारखं होतं. तेव्हा ‘हिला शुद्धलेखनाचं महत्त्व कळत नाही’ असं कृपा करून कुणी म्हणू नये.

आजी रावेरकडची. लग्न होऊन खंडव्यावरून छोट्या गाडीनं इंदूरला आली, कारण आजोबा इथल्या कापडगिरणीत लागले होते. लिहायला ती चाळिशीनंतर शिकली, आणि शिकल्यावर गिरणीतल्या एका जुन्या हिशेबवहीच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं, स्वतःच्या हातानं ओव्या उतरवल्या. पुढे मामानं दोन कॅसेटींवर तिचा आवाज भरून घेतला. तेव्हा घरात जातं नव्हतं, पण ऐकताना कळतं की गाताना तिचा उजवा हात फिरतोय, कारण बांगड्यांचा आवाज एका ठेक्यात येत राहतो. वही आणि कॅसेटी ही दोन्ही साधनं मी तुम्हाला दिली होती. मुद्रितात मला दोन्हींपैकी एकही सापडत नाही.

एकच ओवी घेऊ. वहीत आहे :

पंढरीचा इठ्ठल, उभा काया सावया
बापावानी त्याची, माह्या लेकरावर माया

मुद्रितात आहे :

पंढरीचा विठ्ठल, उभा काळा सावळा
बापासारखी त्याची, माझ्या लेकरावर माया

दुसरी मोठ्यानं म्हणून बघा. पहिली ओळ ‘सावळा’वर थांबते, दुसरी ‘माया’वर. यमक गेलं. आजीच्या तोंडी ‘सावया’ला ‘माया’ जुळते, कारण तिच्या बोलीत दोन स्वरांच्या मधला ळ हा य होतो. डोळे म्हणजे डोये, केळी म्हणजे केयी, जळगावला ती जन्मभर जयगावच म्हणाली. ओवीत मात्रांचं गणित फारसं कडक नसतं. जात्याच्या खुंट्याबरोबर ओळ ताणता येते, आखडता येते. पण शेवटचा जुळणारा आवाज हीच तर दोन ओळींची गाठ असते, आणि ती गाठ तुम्ही सोडली. बरं, सगळेच बदल असे घातक नाहीत, हेही मान्य करते. ‘माह्या’चं ‘माझ्या’ केल्यानं चालीला धक्का लागत नाही. तिथे हरवतो तो फक्त आजीचा आवाज. पण घातक कुठला आणि निरुपद्रवी कुठला, हे आधी ठरवूनच हात घालावा लागतो, आणि तसा विचार झालेला मुद्रितात दिसत नाही.

कारण काय झालं असणार तेही मला ओळखता येतं. एका पानावर ‘काळा मातीला मिळाली’ असं छापलंय. आधी हसू आलं, मग वही उघडली. वहीत ‘काया मातीले मियाली’ आहे. इथली काया म्हणजे शरीर. कुणीतरी संगणकावर ‘काया’ शोधून सगळीकडे एकदम ‘काळा’ घातलंय. ज्या बोलीत काळा आणि काया यांचा उच्चार एकच, तिथे असा सरसकट बदल करता येतच नाही. प्रत्येक जागी ओळ वाचूनच ठरवावं लागतं. छापखान्यात आमचे वरिष्ठ म्हणायचे, ‘एकदम बदलायचं बटण लहान मुलांच्या हाती देऊ नका.’ तेव्हा तो विनोद वाटायचा.

याहून मोठं नुकसान सत्तेचाळिसाव्या ओवीत झालंय. वहीत :

नातवाचा वाया, नदीत वाया गेला
मामा त्याचा हौशी, दुसरा घेऊन आला

पहिला वाया म्हणजे वाळा, बाळाच्या पायातला. दुसरा वाया म्हणजे फुकट. एकाच आवाजात दोन अर्थ. आजी ही ओवी म्हणायची तेव्हा दुसऱ्या ‘वाया’वर थोडी थांबून आमच्याकडे बघायची, आम्हाला कळलं की नाही ते. कॅसेटमध्येही ती जागा ऐकू येते. तिथे एक श्वास आहे आणि मागे कुणीतरी हसलंय. मुद्रितात ‘नातवाचा वाळा, नदीत वाया गेला’ आहे. अर्थ अगदी बरोबर. गंमत गेली, आणि वाचणाऱ्याला ती होती हे कळण्याचा रस्ताही बंद झाला. तळटीपेत ‘वाया म्हणजे वाळा’ एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं.

आता जिथे तुमचा अर्थच चुकलाय ते. ‘नदीच्या वयनावर’ याचं तुम्ही ‘नदीच्या वचनावर’ केलंत. वयन म्हणजे वळण. ळचा य झाला आणि णचा न झाला, दोन्ही तिच्या बोलीचे रोजचे बदल. तसंच ‘देवळाचा कयस’ याचा ‘कलश’ केलात. तो कळस आहे, शिखराचा. कलश पूजेत असतो. तुमच्यातल्या कुणाला हे ठाऊक नाही असं मी म्हणत नाही, देवळात तर सगळेच जाता. पण शब्द अनोळखी दिसला की डोळा आपोआप जवळचा ओळखीचा शब्द वाचतो, आणि हात तो लिहून टाकतो. मुद्रितशोधकाचा सगळ्यात जुना शत्रू हाच. चूक दुरुस्त करताना झालेली चूक नंतर सापडत नाही, कारण ती दिसायला शुद्ध असते.

मग सगळंच जसंच्या तसं ठेवायचं का? तर नाही, आणि इथेच खरं काम आहे. वहीत आजीच्या बोलीची रूपं आहेत तसे हाताचे घसरेही आहेत. एका जागी ‘पंरढी’ आहे, तिथे तिचा र आणि ढ उलटापालटा झालाय, बाकी सगळीकडे ‘पंढरी’ आहे. ते दुरुस्त करावं आणि टीपेत सांगावं. वेगळं रूप आणि घसरा यातला फरक मी असा करते. पहिलं, तेच रूप पुन्हा येतं का, किंवा त्याच जातीचा बदल दुसऱ्या शब्दांत दिसतो का? सावया, डोये, केयी, कयस, वयन ही सगळी एका माळेतली आहेत, तेव्हा ती चूक असू शकत नाही. ‘पंरढी’ला भाऊबंद नाहीत. दुसरं, कॅसेटमध्ये काय ऐकू येतं? आणि तरीही शंका राहिली तर रावेर, यावल, बऱ्हाणपूरकडच्या एखाद्या म्हातारीला ओळ म्हणून दाखवायची. ‘असं म्हणता का?’ असं विचारायचं नाही, कारण ती आपल्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणेल. ‘तुमच्याकडे कशी म्हणतात?’ असं विचारायचं आणि गप्प बसायचं.

एकाच माणसाच्या हातून एक शब्द तीन तऱ्हांनी लिहिला गेला असेल, तर बहुतेक जण म्हणतात की तिला लिहिता येत नव्हतं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. आजीच्या वहीत देवाचं नाव बहुतेक वेळा ‘इठ्ठल’ आहे, मोजक्या जागी ‘विठ्ठल’ आणि चार ठिकाणी ‘इठल’. एका दुपारी बसून मी ते सगळे शब्द पानांसकट कागदावर उतरवले. ‘विठ्ठल’ जिथे जिथे आहे त्या ओव्या एक तर वहीच्या पहिल्या तीन पानांवर आहेत, जिथे अक्षरही घोटीव आहे आणि मास्तरांनी शिकवल्यासारखं लिहायची तिची धडपड दिसते, किंवा त्या कीर्तनातून उचललेल्या आहेत. पुढे हात मोकळा झाला तसा ‘इठ्ठल’ आला. आणि चारही ‘इठल’ अशा ओळींत आहेत जिथे शब्द जास्त झालेत आणि गाताना नाव घाईनं उरकावं लागतं. कॅसेटमध्ये त्यातल्या दोन ओव्या आहेत. दोन्हींत तो ठ्ठ तिनं खरोखर हलका केलाय. म्हणजे जे अडाणीपण वाटत होतं ते तिच्या कानानं केलेलं टिपण निघालं. तुमच्या मुद्रितात सगळीकडे ‘विठ्ठल’ आहे. त्यावरून यातलं काही कुणाला कधीच शोधता येणार नाही.

आणखी एक थर आहे, तो आजीचा नाही, टंकलेखकाचा. तो मात्र बेलाशक पुसून टाका. ‘गड’, ‘जोडवी’ या शब्दांत ड खाली टिंब आलंय. आपल्या इंदूरच्या टंकलेखकांची बोटं हिंदीला सरावलेली, त्यांच्या हातून ‘ड़’ येणारच. आजीनं आयुष्यात ते टिंब दिलेलं नाही. तसंच ‘बऱ्हानपूर’चं ‘बर्हानपूर’ झालंय. वहीत आडवा अर्धा र आहे, मुद्रितात तो उडी मारून ह च्या डोक्यावर बसलाय, आणि उच्चारच बदलला. हा आडवा र संगणकावर दोन तऱ्हांनी साठवता येतो : एकात ऱ हे टिंबाचं अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधायला गेलं की एक सापडतं आणि दुसरं सापडत नाही. ही असली सरमिसळ जरूर एकसारखी करून घ्या. ती करताना गाणारीचं काही जात नाही.

तुमच्या चिठ्ठीत महामंडळाच्या नियमांचा हवाला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे ते नियम माझ्या टेबलाच्या काचेखाली वर्षानुवर्षं होते. चौदा नियम १९६२चे आणि नंतर १९७२मध्ये वाढवलेले चार. त्यातच असं सांगितलंय की केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना मुळाप्रमाणे छापावं. जी ओवी आजीला तिच्या आजीकडून मिळाली ती केशवसुतांच्या आधीची की नंतरची, हे कोण ठरवणार? आणि त्या नियमामागचा हेतू तर स्पष्ट आहे. नियम आपण आज जे लिहितो त्यासाठी आहेत, दुसऱ्यानं आधी म्हणून ठेवलेलं बदलण्यासाठी नाहीत. तुमची प्रस्तावना प्रमाण भाषेत असू द्या, टीपा प्रमाण भाषेत असू द्या. तिथे एक वेलांटी चुकली तर मीच पहिली फोन करीन.

वाचकांना कळणार नाही ही भीती मला पटत नाही. ‘मन वढाय वढाय’ आपल्या मंडळाच्या किती कार्यक्रमांत म्हटलं गेलंय? वढाय म्हणजे ओढाळ. तोच ळ, तोच य. बहिणाबाई चौधरींच्या मुखातली गाणी मुलानं, सोपानदेवांनी, लिहून जपली आणि १९५२मध्ये पुस्तकरूपानं आली. तिथे ‘ओढाळ’ करायचं कुणाच्या मनातही येत नाही. प्रसिद्ध बाईचा य चालतो आणि गिरणी कामगाराच्या बायकोचा चालत नाही, असं तर तुम्हाला म्हणायचं नसेल. नसेलच, मला माहीत आहे.

खरी अडचण वाचकांची नाहीच, आपल्या घरातली आहे. माझी मावशी, आजीची सख्खी लेक, मुद्रितं बघून म्हणाली, ‘बरं झालं गं नीट केलं. माझ्या आईला लोक अडाणी म्हणाले असते.’ तिला शाळेत ‘केयी’ म्हटल्यावर वर्ग हसला होता, ते तिनं साठ वर्षांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. तिला मी काय उत्तर देणार? मी कॅसेट लावली. वाळ्याची ओवी आली तशी ती हसली, आणि मग म्हणाली, ‘हे पुस्तकात नाही का आलं?’ मावशीनं परवानगी दिली आहे असं मी म्हणत नाही. एवढंच सांगते की त्यानंतर तिनं ‘नीट केलं’ हा शब्द वापरला नाही.

करायचं काय, तर ओवी वहीत आहे तशी छापा. कॅसेटमध्ये वेगळं असेल तर ते खाली टीपेत द्या, वहीच्या ओळीत मिसळू नका. आजी लिहिताना क्वचित ‘डोळे’ लिहिते आणि गाताना ‘डोये’ म्हणते. ही दोन्ही खरी आहेत आणि वेगवेगळ्या वेळची आहेत. दोन्ही साधनांतून निवडून तिसरी ओळ तयार केली, तर ती कुणीच कधी म्हटलेली नसते. अवघड शब्दांची यादी शेवटी द्या. एकशे अठ्ठेचाळीस ओव्यांची यादी मी करून पाहिली, ती चार पानांत बसते. आणि संगणकाच्या तक्त्यात प्रत्येक ओवीपुढे एक वेगळा रकाना ठेवा. त्यात प्रमाण रूप असू द्या, न छापण्यासाठी, नुसतं शोधण्यासाठी. उद्या कुणी ‘विठ्ठल’ किंवा ‘कळस’ शोधलं तर त्या रकान्यावरून त्याला ‘इठ्ठल’ आणि ‘कयस’ असलेली ओवी सापडेल. तुमची प्रमाण करण्याची मेहनतही मग फुकट जाणार नाही, ती त्या रकान्यात जशीच्या तशी जाईल. फक्त वचन आणि कलश तेवढे काढून.

जाता जाता, ओव्यांवरची ‘रावेरकडची’ ही नोंद कृपया परत घाला. जात्यावरच्या ओव्यांचा जो मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नानं उभा राहिला, एक लाखाहून जास्त ओव्यांचा, त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव येतं. ‘इठ्ठल’ तर देशावरही म्हणतात, पण ‘सावया’ ऐकलं की माणूस कुठल्या बाजूचा ते कळायला लागतं. गाव काढलं की हेच रूप पुन्हा नुसती चूक दिसू लागतं.

शेवटी एकतीस नंबरच्या पानाबद्दल. तिथे मलाच उत्तर सापडलेलं नाही, आणि तुम्ही मात्र ते देऊन मोकळे झालात. मुद्रितात ‘बापाची माया, दुरून दिसते मला’ आहे. वहीत पेन्सिल पुसट झालेली आहे. मी भिंगातून पाहिलं, उन्हात तिरकी धरून पाहिली. ‘बापाच’ पर्यंत स्पष्ट आहे, पुढे एक उभी रेघ आहे आणि तिचा वरचा भाग घासला गेलाय. काना असला तर ‘बापाचा’, वेलांटी असली तर ‘बापाची’. पुढचा शब्द ‘मया’ आहे, ‘माया’ नाही. काना असेल तर तो मया म्हणजे मळा, बापाचं शेत. वेलांटी असेल तर मया म्हणजे माया. वहीत आणखी एका ठिकाणी ‘मया’ आहे तिथे मळा आहे. ‘माया’ ती बहुतेक ठिकाणी पूर्ण लिहिते, पण एकदा तिनं मायेलाही ‘मया’ लिहिलंय. ही ओवी कॅसेटमध्ये नाही. मावशीला विचारलं, तिला ती ऐकल्याचं आठवत नाही. दुसरी ओळ ‘माहेरच्या वाटेनं, पाय आपोआप चाले’ अशी आहे, आणि माहेरी जाणाऱ्या लेकीला दुरून दोन्ही दिसू शकतात.

म्हणून ती जागा ‘बापाच[ ] मया, दुरून दिसे मले’ अशी छापा, कंसात रिकामं ठेवून, आणि टीपेत दोन्ही वाचनं द्या. वही मी सोमवारी अकरा वाजता कार्यालयात घेऊन येते. पान फार नाजूक झालंय, त्यामुळे झेरॉक्सला देणार नाही, पण तिथे बसून ज्याला बघायचं त्यानं बघावं. भिंग माझं आहे, घेऊन येईन.

आपली,
गाणारीची नात
सुदामा नगर, इंदूर